विसापूरच्या पायऱ्यांसाठी पाच हजारांचे बूट लागत नाहीत

"ताई, ग्रुपवर हा मेसेज फिरतोय: 'ट्रेकला जाताय? वॉटरप्रूफ आणि घोट्याच्या वर येणारेच बूट घ्या. पाच हजारांच्या खालचे बूट म्हणजे पाय मोडून घेणं. नेहमीपेक्षा एक नंबर मोठा घ्या.' माझ्याकडे दीड हजार आहेत आणि जुलैत विसापूरला जायचंय. काय करू?"

अरे, आधी वॉटरप्रूफचं बघू. भाज्यातून विसापूरला चढताना पायऱ्यांवरून पाण्याचा लोंढाच खाली येत असतो. तिथे पाणी बुटाच्या कापडातून नाही, वरून आत शिरतं. वॉटरप्रूफ बुटात एकदा शिरलं की ते बाहेर पडत नाही आणि दिवसभर पाय डबक्यात राहतो. साधा जाळीचा बूट चालता चालता पाणी बाहेर टाकतो आणि घरी लवकर वाळतो. बर्फात, हिमालयातल्या थंडीत पाय कोरडा राहणं फार महत्त्वाचं. आपल्या पावसात पाय भिजणारच, म्हणून सुती मोजे तेवढे टाळ. ते ओले राहतात आणि फोड आणतात. सिंथेटिक मोज्यांचे दोन जोड घे, एक पायात आणि एक पिशवीत.

विसापूरला खरा धोका घसरण्याचा आहे, आणि पकड किमतीवर नाही, सोलच्या रबरावर ठरते. दुकानात बूट उलटा कर आणि सोलच्या खाचांमधल्या उंचवट्यावर अंगठ्याचं नख दाब. रबर थोडं दबून परत वर आलं तर ठीक. नख सरकलं आणि सोल प्लास्टिकसारखा टणक, चकचकीत वाटला, तर तो ओल्या कातळावर घसरणार, मग किंमत काहीही असो. खाचा चार-एक मिलिमीटर खोल आणि एकमेकींपासून लांब हव्यात. बारीक नक्षीत चिखल भरून बसतो आणि सोल गुळगुळीत होतो. बूट वाकवून बघ. तो बोटांच्या मागे वाकावा, मधोमध दुमडला तर ठेवून दे. एक मात्र लक्षात ठेव, हिरव्या शेवाळावर कुठलाच सोल धरत नाही, तिथे खडबडीत जागा शोधूनच पाय टाकायचा.

सह्याद्रीत वर्षानुवर्षं कितीतरी जण ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंग बूट घालून फिरतायत. सुरुवात तिथून कर, पण ही परीक्षा त्यांचीही घे.

स्वस्त बुटात खरी फसगत होते ती जुन्या मालात, आणि त्याबद्दल त्या मेसेजमध्ये अवाक्षर नाही. पुष्कळ बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेनचा फोम असतो. हवेतल्या ओलाव्याने तो आतून कुजतो, बूट एकदाही घातलेला नसला तरी. मग नवाकोरा दिसणारा बूट अर्ध्या वाटेत सोल सोडतो. म्हणून 'सत्तर टक्के सूट' दिसली की खोक्यावरचा महिना आणि वर्ष वाच. तीन-चार वर्षांपूर्वीचं असेल तर हात लावू नकोस. फोमवर बारीक भेगा दिसल्या किंवा दाबल्यावर भुगा पडला, तरी तेच. कडेने शिवण असलेला सोल मिळाला तर उत्तम. आणि पिशवीत दोन हात नायलॉनची दोरी असू दे, सोल सुटलाच तर बांधून खाली उतरता येतं.

उंच बुटांवर पैसे घालवू नकोस. या किमतीत वरचा भाग नुसता मऊ कापडाचा असतो, तो घोटा सांभाळत नाही, वजन मात्र वाढवतो. तुझा घोटा आधी कधी मुरगळला असेल तर गोष्ट वेगळी, तसं असेल तर सांग.

नंबरचं म्हणशील तर प्रत्येक कंपनीचा आठ वेगळा असतो. त्यामुळे 'एक नंबर मोठा' या नियमाला काही अर्थ नाही. संध्याकाळी दुकानात जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकचेच मोजे घाल. आतला सोल निघत असेल तर काढून त्यावर उभा राहा. टाच मागे टेकवल्यावर पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे आणि करंगळी कडेबाहेर जाता कामा नये. मग नाडी घट्ट बांधून जिना उतर. बोटं पुढे आपटली तर बूट लहान आहे. पाय आत सरकतोय, टाच उचलली जातेय, तर मोठा आहे. मोठा बूटही उतारावर बोटं पुढे ढकलतो, नखं काळीनिळी होतात ती त्यानेच. हे सगळं दुकानातच बघ, वापरलेला बूट कोणी परत घेत नाही.

हिशोब असा कर: बूट बाराशेपर्यंत, उरलेल्यात मोजे. जूनच्या सुरुवातीलाच घे, दोन आठवडे कॉलेजला घाल आणि दोन-तीनदा पर्वती चढून उतर. कुठे घासतंय ते तिथेच कळेल. ज्या जागी चुरचुरेल, तिथे विसापूरला निघण्याआधीच चिकटपट्टी लाव, फोड येण्याची वाट बघू नकोस.