गड्ड्याचं प्रकरण कुठे गेलं?

प्रतिक्रिया: "मागचा लेख वाचला. तुमच्या कादंबरीतलं गड्ड्याचं, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचं, प्रकरण तुम्ही इथे टाकलं होतंत, ते मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. तेच आता 'मधला भाग सैल पडत होता' म्हणून छाटलंत? हल्ली जो तो कापा म्हणतो. असाच सल्ला ऐकून मीही माझ्या कादंबरीतला एक तृतीयांश मजकूर काढला, प्रत्येक प्रसंगातून थोडा थोडा. कादंबरी बारीक झाली, पण कंटाळवाणी होती तेवढीच राहिली. कादंबरी म्हणजे काय वर्तमानपत्रातली बातमी आहे? — एक जुना वाचक, बार्शी"

उत्तर:

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेतलं 'प्रत्येक प्रसंगातून थोडा थोडा' हे वाचून मी थांबलो, कारण पहिल्या वेळी मीही नेमकं तेच केलं होतं. चार महिने वाक्यं घासली. विशेषणं काढली, 'आणि मग' काढलं, संवाद आखडले. मसुदा 62 हजार शब्दांचा होता, तो 55 वर आला. तिघांना छापील प्रती दिल्या आणि एकच काम सांगितलं: वाचता वाचता जिथे खाली ठेवाल तिथे पेन्सिलीनं खूण करा. मत देऊ नका, चुका काढू नका. तिघांपैकी दोघांच्या खुणा एकमेकींपासून दहा पानांच्या आत पडल्या, आणि एकानं तर त्यापुढे वाचलंच नाही.

सगळीकडून सारखं छाटलं की कादंबरीचा आकार तोच राहतो, फक्त लहान होतो. तीन प्रसंगांत एकच गोष्ट घडत असेल तर ते तीन प्रसंग आखूड होतात, पण असतात तीनच. वाचकाला कंटाळा लांबीचा येत नव्हता. पान उलटूनही काही बदलत नाही, याचा येत होता.

गोष्ट थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सोलापूरच्या पूर्व भागातलं घर, खाली चार यंत्रमाग, चादरीचं काम. अण्णांना माग चालू ठेवायचे आहेत. थोरला व्यंकटेश म्हणतो, विकून टाकू. आई घरी विड्या वळते. अण्णांनी कोणाला न सांगता माग गहाण टाकून पतसंस्थेकडून कर्ज काढलंय आणि हप्ते थकलेत. सोलापूरचा लेखक म्हटल्यावर इथे ताण्याबाण्याची उपमा यायला हवी. ती मसुद्यात सहा वेळा होती, आता एकदाही नाही.

दुसऱ्या खेपेला मी फाइल उघडलीच नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू घेतल्या आणि एका पत्रिकेवर एक प्रसंग, असे 46 प्रसंग लिहिले. प्रत्येकावर दोनच ओळी: या प्रसंगात कोणाला काय हवंय, आणि प्रसंग संपताना आधीपेक्षा काय वेगळं आहे. 'वातावरणनिर्मिती', 'स्वभाव दिसतो' असलं काही लिहायचं नाही, अशी स्वतःलाच ताकीद दिली होती. 15 ते 32 या अठरा पत्रिकांपैकी सात पत्रिकांवर दुसरी ओळ मला लिहिताच येईना.

त्यातली तीन भांडणं होती. व्यंकटेश म्हणतो विका, अण्णा म्हणतात नाही. एकदा जेवताना, एकदा मागाच्या खोलीत, एकदा गच्चीवर. लिहिताना वाटलं होतं की भांडण चढत जातंय. पत्रिका शेजारी ठेवल्यावर दिसलं की तिन्हींच्या शेवटी दोघं जिथे होते तिथेच आहेत, फक्त आवाज चढलाय. मागाच्या खोलीतलं ठेवलं, कारण तिथे खटखटाटामुळे दोघांना ओरडावंच लागतं आणि आई दारात येऊन माग बंद करते. पुढचं वाक्य ती शांततेत बोलते. जेवणातले दोन चांगले टोमणे उचलून इथे आणले. बाकी काढलं. तसाच व्यंकटेशचा पुण्याचा फेराही गेला. हुतात्मा एक्स्प्रेसमधून दिसणारं कुर्डुवाडी, दौंड, डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी, मुलाखत, परत. दोन प्रसंग. त्यातून निघत होतं एवढंच की नोकरी मिळाली नाही. ते आता एका वाक्यात आहे.

आता गड्ड्याकडे येतो. तुमची खरी तक्रार तीच आहे.

मूळ क्रमात यात्रा एकोणिसाव्या प्रसंगात होती आणि व्यंकटेशला पतसंस्थेची नोटीस सापडायची सत्ताविसाव्यात. म्हणजे बाप-लेक सम्मती कट्ट्याजवळ सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता टाकायला उभे राहतात तेव्हा वाचकाच्या मनात कसलीच धाकधूक नाही. नंदीध्वजांच्या उंच काठ्या येतात, 'एकदा भक्तलिंग हर्र'चा गजर होतो, अक्षता पडतात, दोघं घरी येतात. तुम्ही ते सुटं वाचलंत म्हणून छान वाटलं, आणि सुटं ते छानच होतं. पण कादंबरीत ते माहितीपटासारखं मध्येच उभं होतं. मी पत्रिका हलवली: नोटीस आधी, यात्रा तिच्या लगेच नंतर. आता व्यंकटेशच्या खिशात नोटिशीची घडी आहे, अण्णांना ते माहीत नाही, आणि अण्णा नेहमीसारखे त्याच्या ओंजळीत अक्षता ओततात. गजरात दोघांनाही काही बोलता येत नाही.

एवढं केल्यावर छाटणी मला करावीच लागली नाही. सात नंदीध्वजांचं वर्णन, 68 लिंगांची प्रदक्षिणा, होम मैदानावरचे पाळणे आणि शोभेचं दारूकाम, हे सगळं वाचताना मीच घाईला आलो. मला त्या खिशाकडे परत जायचं होतं. जे त्या ओंजळीच्या आड येत होतं ते गळलं. 3,400 शब्दांचे 2,100 झाले. प्रकरण आहे, जागा बदलून आहे.

पण प्रसंग हलवणं फुकट होत नाही. गड्डा संक्रांतीला असतो, तो मला हलवता येत नाही. नोटीस मूळ मसुद्यात मे महिन्यात सापडायची: बेचाळीस-त्रेचाळीस अंश, कूलर, घामानं चिकटलेला कागद, चार दिवसांनी आलेलं नळाचं पाणी भरायची घाई. ती डिसेंबरात आणल्यावर घाम काढला, आंबे काढले. कूलर राहिला. खूण करणाऱ्यांपैकी एकानं कोपऱ्यात लिहिलं, "थंडीत कूलर कशाला बे?" तेव्हापासून हललेल्या प्रत्येक प्रसंगासाठी मी वेगळी तपासणी करतो: महिना कुठला, कोण घरात आहे, आणि या क्षणी कोणाला काय माहीत आहे.

तिसरा प्रश्न सगळ्यांत त्रासाचा, आणि कधी कधी सर्वांत कामाचा. बाविसाव्या प्रसंगात आई व्यंकटेशला म्हणायची, "तुझ्या अण्णांवर काय ओझंय ते तुला माहीत नाही." मूळ क्रमात ते खरं होतं. नव्या क्रमात त्याला सगळं माहीत आहे. मी ते वाक्य काढणार होतो, मग तसंच ठेवलं आणि त्याला न कळल्याचं सोंग करायला लावलं. तो विचारतो, "कसलं ओझं?" आणि आई थांबते, कारण सांगितलं तर तिलाही माहीत होतं हे उघड होईल. आधी तो प्रसंग सात दुसऱ्या-ओळ-नसलेल्यांपैकी होता. संवादातला एक शब्दही नवा नाही.

वाक्यांना हात लावला तो यानंतर. आधी लावला असता तर पुण्याचा फेरा तिसऱ्यांदा सुंदर केला असता. मधल्या भागात बहुतेक प्रसंग माझ्याकडे दारातून सुरू व्हायचे:

*व्यंकटेश आला. चपला काढून खाटेवर बसला. आईनं पाणी दिलं. पाणी पिऊन तो म्हणाला, "अण्णा, मागांचं काय ठरवलंत?" अण्णांना राग आला, पण ते काही बोलले नाहीत.*

आता असं आहे:

*"मागांचं काय ठरवलंत?"*
*कांडी भरून होईपर्यंत अण्णांनी मान वर केली नाही.*

इथे शब्द कमी झाले, पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. राग हा शब्द गेल्यावर तो किती आहे हे वाचकाला ठरवावं लागतं. अर्थात हे प्रत्येक प्रसंगाला केलं तर कादंबरी धापा टाकू लागते. लागोपाठ तीन प्रसंग मधूनच सुरू झाले की चौथ्याला मी चपला काढू देतो.

आणि एका बाबतीत तुम्ही बरोबर आहात. आईचा रात्री विड्या वळण्याचा प्रसंग मी पूर्ण उडवला होता. ओलं पान, पत्र्याचा साचा, कात्री, हजाराचा हिशोब, 1,900 शब्द आणि घटना शून्य. पत्रिकेवर दुसरी ओळ नव्हती म्हणून नियमानं तो जायलाच हवा होता. मग शेवट वाचला. शेवटी आई साठवलेल्या विड्यांच्या मजुरीतून एक हप्ता भरते, आणि ते आता आभाळातून पडल्यासारखं वाटत होतं. तिचे हात आधी दिसलेच नव्हते. काही प्रसंग तिथल्या तिथे काही बदलत नाहीत, पण दीडशे पानांनंतर त्यांच्यावर काहीतरी उभं असतं. त्यामुळे काढण्याआधी आता मी पुढच्या सगळ्या पत्रिका चाळतो आणि विचारतो, यातलं कोण या प्रसंगाला टेकलंय? त्यातले चारशे शब्द परत आणले, वेगळा प्रसंग म्हणून नव्हे, तर भांडणानंतर व्यंकटेश झोपेचं सोंग घेऊन पडलाय आणि कात्रीचा आवाज ऐकतोय, असे.

मधले अठरा प्रसंग आता बारा आहेत, 26 हजार शब्दांचे साधारण 17 हजार. नव्या खुणा अजून पडतात, पण विखुरलेल्या. एकाची खूण त्याच्या म्हणण्याप्रमाणे दूध उतू गेल्याची आहे, ती मी धरत नाही.

तुमच्या कादंबरीबद्दल, न वाचता एवढंच म्हणेन: काढलेला तृतीयांश फेकला नसेल तर जुनी प्रतच पुढे घ्या, कापलेली नको. कापलेल्या प्रतीत प्रसंगांचे सांधे आधीच बुजवलेले असतात, ते हलवायला जड जातात. तुमच्या गोष्टीत कोणीतरी काहीतरी लपवत असेलच. ते वाचकाला कितव्या प्रसंगात कळतं, ते आधी पाहा, आणि ती पत्रिका पाच-सहा प्रसंग वर सरकवून बघा. मे महिना आड आला तर कळवा, कूलर कुठे कुठे राहतो ते मला आता पाठ आहे.

गड्ड्याचं जुनं प्रकरण इथून काढणार नाही. तुमच्या घरी ते जसं वाचलं गेलं, तसंच राहील.