‘गोरी पाहिजे’ ही आवड नेमकी कुणाची?

“गोरी मुलगी पाहिजे म्हटलं की लगेच भेदभाव! अहो, ज्याची त्याची आवड असते. उंची विचारतात, शिक्षण विचारतात, तसा रंग. मुलीसुद्धा गोराच नवरा शोधतात. आणि आता तर साइटवरून रंगाचा फिल्टरही गेला, मग तक्रार कसली?”

दादरच्या एका वधू-वर सूचक मंडळात मी रविवारी फॉर्म भरून घ्यायला बसते. हा मेसेज आमच्या पालकांच्या ग्रुपवर तीनदा आला, म्हणून लिहिते आहे.

फॉर्म भरायला मुलगा क्वचितच येतो, येतात आई-वडील. ‘अपेक्षा’ या रकान्यात ‘गोरी, सुंदर, सडपातळ, मनमिळाऊ’ एका दमात लिहिलं जातं. “मुलाला विचारलंत का?” असं मी विचारते, तर उत्तर येतं, “त्यात विचारायचं काय?” मुलाने अजून एकही मुलगी पाहिलेली नसते. म्हणजे ही आवड त्याची नाही, घराने आधीच ठरवलेली अट आहे. छोट्या जाहिरातीत तर शब्द वाढला की पैसे वाढतात. लोक ‘मनमिळाऊ’ कापतात, पण ‘गोरी’ राहतं.

कोलकात्यात बॅनर्जी, डुफ्लो, घटक आणि लाफॉर्च्युन या अर्थशास्त्रज्ञांनी बंगाली वर्तमानपत्रात लग्नाची जाहिरात देणाऱ्या कुटुंबांना गाठून आलेल्या पत्रांपैकी कुणाला उत्तर देणार ते विचारलं. 2013 साली छापलेल्या त्या अभ्यासात सर्वात जड ठरली ती जात. ते मीही नेहमी बघते, रंग ही पहिली चाळणी नाही. पण जातीतल्या जातीत निवडताना मुलाकडचे उजळ मुलीकडे झुकतात, हेही त्यात दिसलं.

उंची फूट-इंचात मोजता येते, शिक्षणाचा कागद दाखवता येतो. रंगाला आमच्याकडे चार शब्द आहेत: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. आणि जो तो एक पायरी वर चढून लिहितो. सावळी मुलगी कागदावर गव्हाळ होते, गव्हाळ निमगोरी होते. समोरच्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो मनातल्या मनात एक पायरी खाली उतरवून वाचतो. मग जी खरोखर गव्हाळ आहे आणि तसंच लिहिते, ती सावळी समजली जाते.

माझ्या मावसबहिणीच्या मुलीचंच सांगते. मुलुंडची, एम. फार्म., चांगली नोकरी. पहिल्या बायोडेटात तिने स्वतः ‘सावळा’ लिहिलं. फोन यायचे, फोटो मागायचे आणि तिथेच थांबायचे. मग आईने ‘गव्हाळ’ केलं आणि स्टुडिओवाल्याने फोटो उजळून दिला. आता स्थळं घरी यायला लागली. एका घराने आधी पत्रिका जुळवली, 26 गुण आले, मग पोहे झाले. दोन दिवसांनी निरोप आला, “पत्रिका जमत नाही.” पत्रिका तीच, गुण तेच, दोन दिवसांत बदललं ते इतकंच की त्यांनी तिला ट्यूबलाइटखाली पाहिलं होतं. नकाराचं खरं कारण ओळखायचं असेल तर असा क्रम बघावा: जे आधी तपासून झालंय तेच कारण नंतर पुढे आलं, तर ते कारण नसतं.

(एक काका मला म्हणाले, “पत्रिकेतही वर्ण बघतातच की.” तो वर्ण कातडीचा नाही. राशीवरून ठरणारा आहे आणि 36 पैकी त्याला 1 गुण आहे.)

पुढचं स्थळ आलं ते तिच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या मुलाचं. मध्यस्थ बाई म्हणाल्या, “रंगाकडे ते बघत नाहीत, फक्त लग्न तुम्ही चांगलं लावून द्या.” हॉल, जेवण, मानपान सगळं मुलीकडे. उंचीची अट पुरी झाली नाही तर स्थळ जातं, एवढंच. रंगाची पुरी झाली नाही तर भरपाई मागतात, कधी वयात, कधी पैशात.

मुलींच्या अपेक्षांचा रकाना मी दर रविवारी भरते. निर्व्यसनी, स्थिर नोकरी, मुंबई-ठाण्यात स्वतःचं घर. ‘गोरा’ कधीतरी येतो, नाही असं नाही. पण बोरिवलीत वन बीएचके असलेला सावळा मुलगा रंगामुळे अडलेला मी पाहिला नाही, आणि त्याच्या बायोडेटात बरेचदा रंगाची ओळच नसते.

शादी डॉट कॉमने 2020च्या जूनमध्ये, सह्यांची मोहीम झाल्यावर, रंगाचा फिल्टर काढला. बरं झालं. पण निवडणारा आता फोटो बघतो, आणि फोटोवर शंका आली तर थेट व्हिडिओ कॉल लावतो. गेल्या रविवारी एका आईने माझ्यासमोर असा कॉल लावून पलीकडच्या मुलीला सांगितलं, “बाळा, जरा खिडकीपाशी उजेडात ये ना.”