‘आहे’ची तीन वाक्यं आणि एक ‘पाहिजे’

नीतिशास्त्राच्या पेपरचा अभ्यास चालला होता. ऋताला वाटत होतं, यात वाद घालण्यासारखं काही नाही. “एकाने 5000 रुपये उसने घेतले. महिन्यात देतो म्हणाला. दिले नाहीत. म्हणजे त्याने ते दिले पाहिजेत. आता यात सिद्ध करायचं काय उरलं?”

“एक पायरी उरली,” अनघा म्हणाली. “तुझी पहिली तीन वाक्यं काय घडलं ते सांगतात. चौथ्यात ‘पाहिजे’ आलं, ते आधीच्या तिन्हींत कुठेच नव्हतं. ‘दिलेला शब्द पाळला पाहिजे’ हे तू मनातल्या मनात धरलंस. ते कागदावर लिही, अनुमान लगेच बरोबर होईल. पण मग मी विचारणार, ते कुठून आणलंस? तत्त्वज्ञ ह्यूमची तक्रार हीच. ‘ट्रीटिज ऑफ ह्यूमन नेचर’चा तिसरा भाग 1740 साली आला, त्यात तो म्हणतो की लेखक ‘आहे, आहे’ करत चालतात आणि मध्येच ‘पाहिजे’वर येतात, कारण न देता.”

“मग ‘पाहिजे’वाली सगळी वाक्यं खोटी?” विन्याने विचारलं.

“खोटी नाहीत आणि खरीही नाहीत, असं तत्त्वज्ञ एअर म्हणतो,” शेखर म्हणाला. “1936 चं पुस्तक, ‘लँग्वेज, ट्रूथ अँड लॉजिक’. ‘तू ते पैसे चोरलेस हे वाईट केलंस’ यात ‘तू ते पैसे चोरलेस’ यापेक्षा जास्तीची माहिती शून्य. फक्त सूर बदलला, तिटकाऱ्याचा झाला. हा भावनावाद. त्याच्या मते ‘आहे’ आणि ‘पाहिजे’ यांमधली दरी ओलांडायचा प्रश्नच येत नाही, कारण पलीकडे विधान नाहीच.”

“म्हणजे ‘मला चोरी आवडत नाही’, एवढंच ना?”

“नाही! उत्तरपत्रिकेत घसरायची जागा हीच,” अनघा म्हणाली. “‘मला आवडत नाही’ हे तुझ्याबद्दलचं विधान झालं. तू ढोंग करत असशील तर ते खोटं ठरेल. भावनावाद्याच्या मते ‘चोरी वाईट’ हे ‘शी!’ म्हणण्यासारखं. ‘शी!’ खोटं कसं ठरवणार?”

विन्याला हे पटेना. “मग लोक तासन्‌तास कारणं देत भांडतात ती कशाला?”

“त्याचं उत्तर दुसरा भावनावादी स्टीव्हन्सन याने 1944 साली दिलं: समोरच्याची वृत्ती बदलायला. जे ऐकून ती बदलेल ते कारण.” शेखरलाच हे बोलताना अवघडल्यासारखं झालं असावं, कारण लगेच म्हणाला, “मग धमकी आणि युक्तिवाद यांत फरक काय, हा प्रश्न येतोच.”

“तोच हेअर या तत्त्वज्ञाने धरला,” अनघा म्हणाली. “कुणाला एखादी गोष्ट कर असं सांगणं वेगळं आणि त्याला ती करायला लावणं वेगळं. सांगण्याला तर्क असतो. त्याचंच उदाहरण: ‘सगळी खोकी स्टेशनवर ने. हे त्यातलंच एक. म्हणून हे स्टेशनवर ने.’ पहिली ओळ काढलीस तर शेवटची निघत नाही. आज्ञा हवी असेल तर आधाराच्या वाक्यांत निदान एक आज्ञा हवीच. म्हणजे ह्यूमची दरी का पडते ते इथे कळतं: ‘पाहिजे’त आदेश दडलेला आहे, म्हणून नुसत्या माहितीतून ते निघत नाही. हा आदेशवाद, 1952 चा. शिवाय ‘पाहिजे’ म्हटलं की तशाच प्रत्येक परिस्थितीला ते लागू करावं लागतं.”

“मग माझे 5000?” ऋताने विचारलं.

“हेअरचंच 1963 मधलं उदाहरण घे. ‘अ’ ‘ब’चं देणं लागतो, ‘ब’ ‘क’चं. कायद्याने देणेकऱ्याला तुरुंगात टाकता येतं. ‘ब’ म्हणतो, ‘अ’ला टाकलं पाहिजे. कारण? पैसे दिले नाहीत. मग त्याच कारणाने ‘क’ने ‘ब’ला टाकलं पाहिजे. ‘ब’ला ते नको आहे. म्हणून त्याला आपलं ‘पाहिजे’ मागे घ्यावं लागतं.”

“मग झालंच की! वस्तुस्थितीतून नीती काढली.”

“नाही. ‘क’ने ‘ब’ला पैसे उसने दिलेच आहेत, हा योगायोगही गरजेचा नाही, ‘ब’ने स्वतःला ‘अ’च्या जागी कल्पिलं तरी पुरे. पण तुरुंग नको ही ‘ब’ची स्वतःची इच्छा लागते, आणि ती आपण तर्काने निर्माण करत नाही. आणि निघालं काय? ‘ब’ने मागे घ्यावं, एवढंच. ‘अ’ने पैसे द्यावेत हे यातून निघालेलं नाही.”

“पळवाट आहे,” विन्या म्हणाला. “‘ब’ने ‘पाहिजे’ म्हणूच नये. नुसतं म्हणावं, टाका त्याला आत.”

“चालेल. मग तो नैतिक बोलतच नाहीये, हेअरच्या मते. त्याला मी अडवू शकत नाही, फक्त त्याने नीतीचा आव आणू नये.”

“आणि ‘ब’ म्हणाला की मलाही टाका, नियम म्हणजे नियम?”

शेखर हसला. “हा खरा पेच. हेअर त्याला झपाटलेला म्हणतो. त्याचं उदाहरण नाझीचं आहे: मी स्वतः ज्यू निघालो तरी मला मारा, असं जो मनापासून म्हणेल तो. त्याच्या बोलण्यात विसंगती नाही, हे हेअर मान्य करतो.”

“म्हणजे हरलो?”

“तर्काने त्याला हरवता येत नाही. हेअरचा भरवसा इतकाच की असे थोडे. बहुतेक लोक त्या जागी स्वतःला ठेवून बघतच नाहीत, म्हणून निबर बोलतात.”

“हा भरवसा ‘आहे’मधला झाला,” ऋता म्हणाली, “लोक कसे असतात त्याबद्दलचा.”