240 हर्ट्झ घेतलास, पण खेळताना डोळे कुठे असतात तुझे?

डिसेंबरातल्या एका रविवारी भाचा त्याचा नवाकोरा 240 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 240 वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर घेऊन कोथरूडला माझ्याकडे आला. माझा चार वर्षांपूर्वीचा 165 हर्ट्झचा आहे, दोन्ही आयपीएस, दोन्ही 1080पी. टेबलावर शेजारी शेजारी मांडले. मी माझा 120 हर्ट्झवर आणला, मेन्यूमधून बॅकलाइट स्ट्रोबिंग, म्हणजे पडद्यामागचा दिवा सतत न जळता लुकलुकण्याची सोय, चालू केलं आणि दोन्हीकडे testufo.com वरचा सरकत्या नकाशाचा टेस्ट लावला. टोरांटोचा नकाशा सेकंदाला 960 पिक्सेल वेगाने सरकतो आणि त्यावरची रस्त्यांची नावं वाचायची असतात. त्याच्या 240 वर नावं आहेत एवढं कळत होतं. माझ्या 120 वर ती सरळ वाचता येत होती.

"मावशी, तुझा निम्म्या स्पीडवर आहे ना?" त्याने दोनदा विचारलं. दुकानात त्याला सांगितलं होतं की आकडा जितका मोठा तितकं चित्र स्पष्ट. अर्धंच खरं आहे ते, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी ही पोस्ट.

साध्या एलसीडीवर एक फ्रेम आली की पुढची येईपर्यंत ती तशीच उजळलेली राहते. आपली नजर मात्र सरकत्या वस्तूबरोबर सलग फिरत असते. चित्र जागेवर थांबलेलं आणि डोळा पुढे गेलेला, म्हणून ते डोळ्याच्या पडद्यावर फासलं जातं. पिक्सेल कितीही झटपट बदलणारे असोत, हे फासणं होतंच. किती होतं याचा हिशोब सोपा आहे: वस्तूचा वेग गुणिले फ्रेम उजळलेली राहण्याचा वेळ. सेकंदाला 960 पिक्सेल वेग धरला, तर 60 हर्ट्झवर 16 पिक्सेलचा पट्टा, 120 वर 8, 240 वर 4. स्ट्रोबिंगमध्ये दिवा जवळपास पूर्ण वेळ बंद असतो आणि प्रत्येक फ्रेमला एकदाच, समजा 1 मिलिसेकंद, चमकतो. मग पट्टा उरतो 1 पिक्सेलचा. साध्या पद्धतीने तेवढी स्पष्टता हवी असेल तर 1000 हर्ट्झचा मॉनिटर लागेल आणि त्याला सेकंदाला 1000 फ्रेम पुरवणारा कॉम्प्युटरही.

आमच्या पिढीने हे पाहिलेलं आहे. शाळेच्या शेवटच्या वर्षांत आम्ही सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन काउंटर-स्ट्राइक खेळायचो ते जाडजूड सीआरटीवर, 85 हर्ट्झवर. तरी धावणारा माणूस कोरीव दिसायचा, कारण सीआरटीचा प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझतो. पुढे सपाट पडदे आले आणि तो कोरीवपणा गेला. मला तो परत हवा होता, म्हणून मी या नादाला लागले.

नकाशा वाचून झाल्यावर भाच्याने माझ्या मॉनिटरला स्वतःचा कॉम्प्युटर जोडला आणि सीएस2, म्हणजे काउंटर-स्ट्राइक 2, लावला. पाच मिनिटांत म्हणाला, "हे तर वाईट दिसतंय." खरंच वाईट दिसत होतं. त्याच्या कॉम्प्युटरवर सरासरी 190 च्या आसपास फ्रेम निघतात, पण स्मोक फुटला आणि चार-पाच जण एकत्र आले की आकडा 110 वर येतो. स्ट्रोबिंगला हे अजिबात सहन होत नाही. दिवा सेकंदाला 120 वेळा चमकणार आणि नव्या फ्रेम 110, म्हणजे दर सेकंदाला दहा फ्रेम दोन-दोनदा चमकणार. डोळा तोवर पुढे सरकलेला असतो, त्यामुळे दुसरी चमक वेगळ्या जागी उमटते. हलणाऱ्या माणसाला क्षणभर दोन कडा दिसतात आणि चित्र उचकी लागल्यासारखं हलतं. साध्या 240 वर हाच गचका चित्र आधीच थोडं फासलेलं असल्याने झाकला जातो. शिवाय तिथे व्हीआरआर असतो, फ्रेम येईल तेव्हा पडदा बदलतो. माझ्या मॉनिटरवर, आणि बहुतेक मॉनिटरवर, स्ट्रोबिंग चालू केलं की मेन्यूत व्हीआरआर बंद होतो. दोन्ही एकत्र देणारे मॉनिटर निघाले आहेत, पण आम्हा दोघांकडचे त्यातले नाहीत.

म्हणून माझं ठाम मत आहे की मॉनिटरच्या आधी आपल्या गेमचा तळ मोजावा. सरासरी नाही, सगळ्यात वाईट क्षणीचा आकडा. तो स्ट्रोबच्या आकड्याच्या वर कायम राहत असेल, तरच स्ट्रोबिंगचा विचार करावा.

राहत असेल तर जुळणीही नेमकी लागते. व्हीसिंक, म्हणजे फ्रेम पडद्याच्या ठोक्याशी जुळवणारं सेटिंग, चालू ठेवायचं, पण नुसतं चालू ठेवलं तर फ्रेम रांगेत साचतात आणि माउस जड वाटतो. मी testufo.com/refreshrate वर मॉनिटरचा खरा वेग मोजते, कारण तो बरोबर 120 नसतो. समजा 119.998 आला, तर RivaTuner Statistics Server मध्ये फ्रेमची मर्यादा 119.988 ठेवते, म्हणजे 0.01 ने कमी. रांग साचत नाही आणि साधारण 100 सेकंदांतून एकदा एकच फ्रेम दोनदा दिसते. ती मला आजवर जाणवलेली नाही.

आता शीर्षकातला प्रश्न. हा सगळा फायदा नजर वस्तूच्या मागे फिरते तेव्हाचाच आहे. मी क्वेक लाइव्ह खेळते, ऑफिसातल्या चौघांबरोबर, शुक्रवारी रात्री. रॉकेटच्या धक्क्याने समोरचा हवेत उडतो, तो कुठे उतरणार हे पाहायला माझी नजर त्याच्याबरोबर जाते आणि पुढचं रॉकेट मी त्या जागी टाकते. तिथे तो कोरीव दिसणं म्हणजे त्याने हवेतच दिशा बदलली हे अर्धा क्षण आधी कळणं. गेम जुना आणि हलका आहे, फ्रेम कधी पडतच नाहीत.

भाचा सीएस2 मध्ये कोपरा धरून उभा असतो. नजर क्रॉसहेअरवर, म्हणजे पडद्यामधल्या नेमाच्या खुणेवर, खिळलेली. कोणी दिसला की माउसला झटका, आणि त्या झटक्यात नजर क्रॉसहेअरवरच राहते, मागचं दृश्य सरकतं. नजर स्थिर असताना स्ट्रोबिंगने चित्र स्पष्ट होत नाही, उलट मागचं दृश्य तुटक ठशांसारखं दिसतं. सेकंदाला 1920 पिक्सेल वेगाने वळलात तर 120 हर्ट्झवर दोन ठशांत 16 पिक्सेलचं अंतर पडतं आणि 240 वर 8. तिथे जास्त हर्ट्झच जिंकतात. उशीरही आहेच: 120 वर फ्रेम 8.3 मिलिसेकंदांनी येते, 240 वर 4.2 नी, आणि स्ट्रोबिंगमध्ये दिवा बहुतेक पडदा भरेपर्यंत थांबतो. त्याच्या खेळासाठी त्याचा मॉनिटर योग्य होता हे मी त्याला तिथेच सांगितलं.

पण त्याला आता चटक लागली होती. त्याच्याही मॉनिटरच्या मेन्यूत स्ट्रोबिंग सापडलं, दुकानात कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने ते 240 वरच चालू केलं. वर, मधे, खाली, सगळीकडे प्रत्येक वस्तूला एक फिकट जुळं. मॉनिटर खराब आहे असं वाटून त्याचं तोंड उतरलं. खराब नव्हता. 240 वर एका फ्रेमला 4.2 मिलिसेकंदच मिळतात, आणि आयपीएसच्या पिक्सेलला रंग पूर्ण बदलायला बहुतेक वेळा तेवढे पुरत नाहीत. दिवा चमकतो तेव्हा आधीची फ्रेम अजून पुसलेली नसते, म्हणून तिचं भूत दिसतं.

मग 120 वर आणला. मधला भाग लख्ख झाला, भूत फक्त वरच्या पट्ट्यात उरलं. पडद्याच्या ओळी वरून खाली भरत जातात आणि दिवा मात्र सगळीकडे एकदम चमकतो, त्यामुळे कुठल्या तरी काठाला बदल अर्धवट असताना उजेड पडतोच. उपाय असा की ओळी पटकन भरून घ्यायच्या आणि चमकण्याआधी पिक्सेलला थोडी उसंत द्यायची. NVIDIA Control Panel मध्ये नवीन रिझोल्यूशन तयार करताना Timing हे Manual करून उभ्या दिशेचा, म्हणजे ओळींचा, Total pixels आकडा वाढवता येतो. 1080पी 120 ला तो नेहमी 1144 असतो, म्हणजे 1080 ओळी भरल्यावर उसंत जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाची. आम्ही 1500 केला आणि ती 2.3 मिलिसेकंद झाली. सगळे मॉनिटर हे स्वीकारत नाहीत. माझा 1350 च्या पुढे काळा पडतो, आणि थोड्या सेकंदांत जुनं सेटिंग आपोआप परत येतं. त्याचा मुळात 240 साठी बनलेला, ओळी झपाट्याने भरण्याची त्याला सवय, त्याने 1500 निमूट घेतला.

तरी सकाळी वर थोडं भूत होतंच. खोलीत गारठा होता, बाहेर बारा अंश असावं. लिक्विड क्रिस्टल थंडीत मंदावतं हे मला दर हिवाळ्यात दिसतं. अर्धा-पाऊण तास मॉनिटर तापू दिल्यावर परत पाहिलं तर भूत वरच्या दोन बोटांपुरतं राहिलं होतं. स्ट्रोबिंगची परीक्षा थंड पडद्यावर घेऊ नका.

दोन अडचणी मात्र सुटत नाहीत. दिवा 8.3 मिलिसेकंदांतला 1 मिलिसेकंदच जळतो, म्हणजे उजेड साधारण आठवा हिस्सा. कंपनी चमक वाढवून थोडं भरून काढते, पण माझी खिडकी पश्चिमेला आहे आणि एप्रिलातल्या दुपारी पडदे ओढल्याशिवाय मला खेळता येत नाही. दुसरी म्हणजे डोळे. मला 120 ची लुकलुक जाणवत नाही. ताईला दहा मिनिटांत कपाळ दुखायला लागतं, तिने माझ्या मॉनिटरवर साधी बिलं भरायची झाली तरी मी आधी स्ट्रोबिंग बंद करते. स्वतः वापरून पाहिल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून घेण्याआधी कोणाकडे तरी जाऊन तासभर बसा. स्ट्रोबिंग खरंच चालू आहे का हे पाहायचं असेल तर पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल जोरात हलवा. सलग पुसट पंखा दिसला तर बंद, सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर चालू.

संध्याकाळी आम्ही मॉनिटरची अदलाबदल करून क्वेक खेळलो. 120 वर स्ट्रोबिंग लावलेला त्याचा 240 चा मॉनिटर माझ्यापेक्षा स्वच्छ निघाला. माझ्याकडे पडद्याचा खालचा चौथाई भाग कायम दुहेरी असतो आणि चार वर्षांत मला त्याची सवय झाली होती. आता त्याच्याकडे दोन प्रीसेट आहेत: सीएस2 साठी 240, व्हीआरआर चालू, स्ट्रोबिंग बंद, क्वेकसाठी 120, स्ट्रोबिंग चालू, ओळी 1500. शुक्रवारच्या खेळात तो सहावा असतो, आणि हवेत उडालेली मी कुठे उतरणार हे आता त्यालाही दिसतं.