मुगाच्या एन्झाइमचं टेबल आणि आमचा एक स्टार

★ «मुगाच्या मोडातून अ‍ॅसिड फॉस्फेटेज शुद्ध करायला दिलं. १००० मिलिग्रॅम प्रोटीन दिलं, हातात आलं फक्त ३ मिलिग्रॅम. टेबलात यील्ड १८ टक्के. म्हणजे ८२ टक्के एन्झाइम वाया घालवलं आणि पैसे मात्र पूर्ण घेतले. मैत्रिणीला दुसऱ्या लॅबने ११२ टक्के दिलं.»

नमस्कार ताई,

तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल माफी मागतो. रिपोर्ट देताना आमच्याकडून कुणी तुमच्यासोबत बसायला हवं होतं, तेही खरं. पण ‘वाया घालवलं’ हे वाचून रात्री झोप लागली नाही. चिकलठाण्यात छोटी लॅब आहे, परभणी-जालन्याची पोरं रिव्ह्यू वाचूनच येतात. म्हणून तुमचंच टेबल इथे मांडतो, वाचणाऱ्यांनी ठरवावं.

क्रूड रस: १००० मिग्रॅ प्रोटीन, ५०० युनिट, स्पेसिफिक अ‍ॅक्टिव्हिटी ०.५, फोल्ड १, यील्ड १००.
अमोनियम सल्फेट आणि डायलिसिस: २५० मिग्रॅ, ३७५ युनिट, १.५, फोल्ड ३, यील्ड ७५.
डीईएई कॉलम: २५ मिग्रॅ, २०० युनिट, ८, फोल्ड १६, यील्ड ४०.
जेल फिल्ट्रेशन: ३ मिग्रॅ, ९० युनिट, ३०, फोल्ड ६०, यील्ड १८.

तुम्ही मिलिग्रॅमचा रकाना पाहिलात, तिथेच घोळ झाला. मिलिग्रॅम म्हणजे रसातलं सगळं प्रोटीन, त्यात तुमचं एन्झाइम चिमूटभर. एन्झाइम मोजायचं युनिटमध्ये: मिनिटाला एक मायक्रोमोल पॅरा-नायट्रोफिनॉल सुटलं की एक युनिट. सोडियम हायड्रॉक्साइड टाकल्यावर पिवळं झालेलं पाणी तुम्हीही पाहिलं होतंत, तोच तो रंग. युनिटला मिलिग्रॅमने भागलं की स्पेसिफिक अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे एका मिलिग्रॅम प्रोटीनमागे काम किती होतं. ते ०.५ वरून ३० वर गेलं, म्हणून फोल्ड ६०. आणि ५०० युनिटपैकी ९० हातात राहिले, म्हणून यील्ड १८.

आता उलट हिशोब करू. शेवटच्या नळीत एन्झाइम शुद्ध आहे असं धरलं, आणि जेलवर एकच पट्टा आला म्हणून तसं धरायला हरकत नाही, तर सुरुवातीच्या रसात ते साठातला एक भाग होतं. १००० मिग्रॅमध्ये साधारण १७ मिग्रॅ. त्याचे १८ टक्के म्हणजे तीच ३ मिग्रॅ. गेलेल्या ९९७ मिग्रॅपैकी ९८३ मिग्रॅच्या आसपास दुसरी प्रोटीनं होती, आणि ती काढून टाकण्याचेच पैसे तुम्ही दिले होते. एन्झाइम गेलं ते १४ मिग्रॅच्या आसपास. तेही सगळं सांडलं असं नाही. काही रेणू वाटेतच मेले. युनिट फक्त काम करणाऱ्याला मोजतं, म्हणून ते युनिटमध्ये दिसत नाहीत. धान्य उफणताना भुशाबरोबर चार दाणे उडतातच, तसंच हे.

मोठी घट डीईएई कॉलमवर झाली. ३७५ युनिट घातले, २०० घेतले. रॅकमध्ये नळ्यांची ओळ लावली तेव्हा पिवळ्या रंगाचे दोन ढीग दिसले, मधल्या नळ्या जवळपास पाण्यासारख्या. मुगात या एन्झाइमची एकाहून जास्त रूपं असतात, चार्ज वेगळा म्हणून ती कॉलमवरून वेगवेगळ्या मिठाला उतरतात. दुसऱ्या ढिगात ८० युनिट होते. ते एकत्र केले असते तर यील्ड ५६ टक्के लिहिता आलं असतं, फोल्ड मात्र पडला असता आणि जेलवर दोन पट्टे आले असते. त्या दिवशी मी स्वतः फोन करून विचारलं होतं. «सर, थिसिसमध्ये एकच पट्टा पाहिजे» असं तुम्हीच म्हणालात. मग आम्ही पहिलाच ढीग घेतला, आणि जेल फिल्ट्रेशनमध्येही फक्त मधल्या नळ्या घेतल्या, कडेच्या सोडल्या. तिथे निम्म्याहून जास्त युनिट देऊन पावणेचार पट शुद्धता मिळाली. नुसतं केएम काढायचं असतं तर मीच म्हणालो असतो की डीईएईवर थांबा, ४० टक्के पदरात पाडून घ्या, एका कॉलमचे पैसेही वाचतील.

राहिलं मैत्रिणीचं ११२ टक्के. ताई, दिलं त्याहून जास्त एन्झाइम कुठलीच लॅब तयार करून देत नाही. एवढा आकडा आला की पहिली ओळ बघायची असते. मोड येताना दाण्यातला फायटेट फुटतो, रसात मोकळा फॉस्फेट येतो, आणि फॉस्फेट याच एन्झाइमला अडवतो. क्रूड तसंच मोजलं की काम कमी दिसतं, म्हणजे ‘१००’ मुळातच छोटं पडतं. डायलिसिसमध्ये फॉस्फेट निघून गेला की तेच एन्झाइम मोकळं होतं आणि टक्के शंभराच्या वर जातात. याच कारणासाठी आमच्याकडे या कामाला फॉस्फेट बफर वापरत नाहीत, आणि क्रूडसुद्धा छोट्या डीसॉल्टिंग कॉलममधून काढून मगच मोजतो. आमचं १०० खरं मोठं आहे, म्हणून पुढचे टक्के लहान दिसतात. हा दंड आम्हाला का? शिवाय ते ११२ अमोनियम सल्फेटच्या ओळीतलं आहे असं तुम्हीच दाखवलेल्या फोटोत दिसतं, फोल्ड २.८. त्या ओळीला आमचे ७५ आणि ३ आहेत. त्याच्याशी तुलना करा, तीन पायऱ्यांनंतरच्या १८ शी नको.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण पैशांचा विषय निघाला म्हणून लिहितो. रस तुम्ही भर मे महिन्यात एसटीने, बर्फाशिवाय, पाण्याच्या बाटलीत आणलात. मोडाच्या रसात प्रोटीन कापणारी एन्झाइमं असतात, त्यांना गरमी मानवते. रस येताना पार तपकिरी झाला होता. त्या प्रवासात काय गेलं ते या टेबलात कुठेच नाही, कारण आमच्या दारात आलं तेव्हा जे होतं त्यालाच आपण शंभर म्हटलं. तरी बाटली परत पाठवली नाही, तुम्ही लांबून आला होतात.

साठ हा आकडाही डोक्यावर घेऊ नका. तो जेलशिवाय शुद्धता सिद्ध करत नाही, दुसऱ्या बियाण्यात हेच एन्झाइम मुळात जास्त असेल तर दहा पटीतच शुद्ध होईल. व्हायव्हाला हे विचारलं तर हेच सांगा.

इथून पुढे रिपोर्टसोबत समजावून सांगण्याची काहीतरी सोय करू, आणि बर्फाची सूचना फॉर्मवर टाकतो, छापून आला की. पूर्ण पैसे परत देणं जमणार नाही, केमिकलचे भाव तुम्हालाही ठाऊक आहेत.

दुसऱ्या ढिगाच्या नळ्या टाकलेल्या नाहीत. तुमच्या नावाची चिठ्ठी लावून उणे २० मध्ये ठेवल्यात. गोठवल्याने थोडं काम कमी झालं असेल, म्हणून नेण्याआधी समोर मोजून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. येण्याआधी फोन करा, आणि येताना थर्माकोलचा डबा आणा, बर्फ आम्ही देऊ.