रडू येत नाही हो!

"छान आहे. पण रडू येत नाही."

सर्पदंशाच्या जनजागृतीसाठी लिहिलेला सहा ओळींचा मजकूर वाचून आमच्या संस्थेच्या कोषाध्यक्षांनी हा निकाल दिला आणि माझा फोन टेबलावर पालथा ठेवला. पालथा! मजकूर नापास झाल्याचं मला फारसं वाटलं नाही. पण फोन पालथा ठेवण्याची ती रीत मात्र अजून डोक्यातून जात नाही.

कोषाध्यक्ष निवृत्त आहेत, उत्साही आहेत आणि पावत्यांच्या बाबतीत देवमाणूस आहेत. फक्त त्यांना 'लाखो' हा शब्द फार आवडतो. वृक्षारोपणात लाखो झाडं, रक्तदानात लाखो थेंब. माझ्या मजकुरात 'दरवर्षी सरासरी ५८,०००' असं होतं. ते त्यांना खुपलं.

"अठ्ठावन्न हजार कुणाच्या लक्षात राहतात? लाखो लिहा."

"दरवर्षी लाखो मरत नाहीत हो."

"मग किती वर्षांत मरतात?"

आता आली पंचाईत. हा आकडा ज्या अभ्यासातून आला तो २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातला अंदाज असा, की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोक गेले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. मी हे प्रामाणिकपणे सांगितलं.

"बघा! म्हणजे लाखो बरोबरच आहे," असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

यावर काय बोलणार? आकडा खरा, शब्दही खरा, आणि तरी वाक्य खोटं. 'लाखो'पुढे 'वीस वर्षांत' लिहायचं राहिलं की वाचणाऱ्याला वाटतं गेल्याच वर्षी लाखो गेले. मग कुणीतरी चौकस डॉक्टर खाली पुरावा मागतो आणि संस्थेची पुढची प्रत्येक पोस्ट संशयाने वाचली जाते. शिवाय हा अंदाज आहे, मोजदाद नाही. घरोघर जाऊन, माणूस कसा गेला हे घरच्यांना विचारून तो काढला आहे. ते करावं लागलं, कारण बहुतेक मृत्यू दवाखान्याच्या बाहेर, गावात, घरी होतात आणि सरकारी नोंदीत पोचतच नाहीत. म्हणून 'सुमारे' आणि 'सरासरी' हे दोन शब्द काढायचे नसतात. कोषाध्यक्षांनी नेमके तेच दोन काढले होते. "ढिले वाटतात," म्हणे.

मग त्यांनी गणकयंत्र काढलं. वर्षाची मिनिटं भागिले ५८,०००. "दर नऊ मिनिटांनी एक मृत्यू! आता बोला!" भागाकार बिनचूक होता, हे कबूल करायला हवं. पण साप घड्याळ लावून चावत नाहीत. त्याच अभ्यासानुसार निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतात. शिवाय 'दर अमुक मिनिटांनी' हे वाक्य आता अपघात, कर्करोग, आत्महत्या, सगळ्यांना लावून लावून इतकं झिजलंय, की वाचणारा ते वाचतच नाही, नुसता ओलांडतो.

मग पर्याय म्हणून त्यांनी फोटो पाठवला. फणा काढलेला, तोंड वासलेला, दातातून थेंब गळणारा नाग. आमची गोष्ट मण्यारीची. मण्यारीला फणा नसतो. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत फारसं नाही, खूण बरेचदा सापडत नाही. फणा बघून घाबरायला शिकलेला माणूस मण्यारीच्या बाबतीत बेसावध राहतो. हे सांगितल्यावर ते म्हणाले, "पण मण्यार फोटोजेनिक नाही."

असो. कामाचं बोलू.

आकडा आणि गोष्ट एकाच पोस्टमध्ये बसवणं हे दिसतं तेवढं सोपं नाही, आणि याला पुरावा आहे. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००७ साली छापून आले. लोकांकडून एक प्रश्नावली भरून घेतली, मोबदल्यात एकेक डॉलरच्या पाच नोटा दिल्या आणि त्यातून मदत मागितली. काहींना फक्त आफ्रिकेतल्या भुकेचे आकडे दाखवले, त्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगितली, त्यांनी २.३८ दिले. आणि ज्यांना रोकिया आणि आकडे दोन्ही दिले? आपल्याला वाटेल सर्वांत जास्त. त्यांनी १.४३ दिले. आकड्याने गोष्टीत भर घातली नाही, उलट गोष्टीचं पाणी केलं. हिशेब सुरू झाला की कळवळा मागे पडतो.

मग आकडा काढूनच टाकावा? देणगी मागायची असती तर मी काढलाही असता. पण आम्हाला पैसे नको होते, लोकांनी झोपायची पद्धत बदलायला हवी होती. तिथे नुसती गोष्ट सांगितली की वाचणारा हळहळतो आणि म्हणतो, "नशीब बिचाऱ्याचं." हे 'नशीब' मोडून काढण्यापुरता आकडा लागतो. फक्त तो एकच हवा, गोष्टीच्या नंतर हवा, आणि गोष्टीतल्याच माणसाबद्दल हवा. माझ्या मते सगळी मेख या शेवटच्या अटीत आहे.

आमची गोष्ट नऊ वर्षांच्या मुलाची. तिच्याशेजारी ५८,००० ठेवले की वाचणाऱ्याला मुलाकडून देशाकडे उडी मारावी लागते, आणि त्या उडीत मुलगा खाली पडतो. त्याच अभ्यासात दुसरा एक आकडा आहे: सर्पदंशाने जाणाऱ्यांपैकी २८ टक्के १५ वर्षांखालचे. तो टक्क्यांत न लिहिता 'चौघांत एकाहून जास्त' असा लिहिला की मुलगा आपोआप त्या चौघांत जाऊन बसतो. मजकूर असा झाला:

"मध्यरात्री पोट दुखतंय म्हणाला, आईने ओवा दिला. पहाटे त्याच्या पापण्या उघडेनात. नऊ वर्षांचा मुलगा, जमिनीवर झोपलेला. मण्यार चावली होती, खूण कुठेच नव्हती.
भारतात सर्पदंशाने जाणाऱ्या चौघांत एकाहून जास्त १५ वर्षांखालचे असतात.
हा वाचला, कारण तासाभरात सरकारी रुग्णालयात पोचला."

पहिल्या वाक्यात साप नाही, हे मुद्दाम. फोनवर पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकी सगळं 'आणखी वाचा'च्या पलीकडे. तिथे 'सर्पदंश ही एक गंभीर समस्या असून' असं आलं की माणूस अंगठा वर सरकवून मोकळा. पोटदुखी आणि ओवा मात्र प्रत्येक घरातले. शिवाय ते नुसतं आमिष नाही, माहिती आहे: मण्यारीच्या विषात पोटदुखी आणि जड झालेल्या पापण्या ही सुरुवातीची लक्षणं असतात. गोष्टीतला तपशील निवडताना एवढं पाहायचं, की उद्या वाचणाऱ्याच्या घरी असं झालं तर तो तपशील त्याच्या उपयोगी पडेल का. "आईने हंबरडा फोडला" हे कोषाध्यक्षांचं वाक्य या परीक्षेत नापास. हंबरडा ऐकून कुणाला निदान करता येत नाही.

आईवडिलांची परवानगी घेतली होती, आणि तयार मजकूर त्यांना वाचून दाखवूनच घेतली होती. नाव टाकलं नाही, गावही नाही. नुसतं नाव बदलून भागत नाही. पन्नास उंबऱ्यांच्या गावात 'नऊ वर्षांचा, मण्यार चावलेला' असा एकच मुलगा असतो. गावाचं नाव लिहिलं की नाव बदलूनही काही लपत नाही. कोषाध्यक्षांना मुलाचा सलाइन लावलेला फोटो हवा होता. मी नाही म्हटलं, तेव्हा "मग लोकांना पटणार कसं?" असं त्यांनी अशा आवाजात विचारलं, की जणू मीच मण्यार.

शेवटची ओळ मात्र त्यांनी स्वतः जोडली: "मुलांना नेहमी पलंगावरच झोपवा." आणि म्हणाले, "आता पूर्ण झालं."

असा मजकूर तपासायची आमची रीत साधी आहे. तो विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला एकदाच वाचायला द्यायचा, फोन काढून घ्यायचा आणि विचारायचं: कुणाचं काय झालं, असं कितीजणांचं होतं, आणि आता काय करायचं? माणूस आठवला पण आकडा नाही, तर आकडा गोष्टीपासून लांब पडलाय. आकडा आठवला पण माणूस नाही, तर गोष्टीत तपशील कमी. करायचं काय ते आठवलं नाही, तर कामं एकाहून जास्त सांगितली आहेत.

आमच्या ऑफिसात चहा करणाऱ्या मावशींना फोन दिला. त्यांनी ओठ हलवत वाचलं, आकडा बरोबर सांगितला, मुलगाही सांगितला. मग म्हणाल्या, "आणि पलंग कुठून आणायचा त्या आईने?"

कोषाध्यक्ष चहात बघत बसले. मावशींचा मुद्दा बिनतोड होता: ज्यांना मण्यार चावते ते जमिनीवर झोपतात, कारण खाट नसते. नसलेली वस्तू वापरा सांगणारी पोस्ट म्हणजे लेखी अपमान. ती ओळ बदलून "आज रात्री मच्छरदाणी लावा, आणि तिची कड चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचा. शंका आली तर लगेच १०८" अशी झाली. खोचलेली मच्छरदाणी जमिनीवरच्या अंथरुणावरही उपयोगी पडते. नुसती सोडलेली पडत नाही, म्हणून 'खोचा' हा शब्द गाळायचा नाही.

पोस्ट गेली. वर सात बोधचिन्हं, खाली कार्यकारिणीची नावं, मध्ये जागा उरली तिथे मुलगा. पहिल्याच प्रतिक्रियेत एका सर्पमित्राने लिहिलं की ती मण्यार नसून बिनविषारी कवड्या असावा, दोन्ही सारखेच दिसतात. दुसरे म्हणाले, कवड्याने पापण्या कशा मिटतील? तिसऱ्याने पट्टे कुठून सुरू होतात यावर निबंध टाकला. दुपारपर्यंत वाद पोस्टच्या दसपट लांब झाला आणि मच्छरदाणीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटी एक प्रतिक्रिया लिहून सगळ्यांच्या वर चिकटवून ठेवली: "साप ओळखत बसू नका, पकडून आणू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर आपल्याकडे एकच प्रतिविष मिळतं. थेट रुग्णालय गाठा." तिच्याखाली सर्पमित्रांनी पुन्हा विचारलं, "पण मग तो कवड्याच होता ना?"