डी विंग, साडेपाच ओव्हर आणि मी

"तुला एक्सेल येतं ना रे?" लिफ्टमध्ये सेक्रेटरी काकांनी विचारलं आणि दार उघडायच्या आत मी "हो" म्हणून मोकळा झालो. चूक तिथेच झाली.

रात्री काकांचा मेसेज आला. सोसायटीच्या बॉक्स क्रिकेट स्पर्धेचं वेळापत्रक. आठ संघ, दोन गट, सहा-सहा ओव्हरचे सामने. आमच्या गटात ए, बी, सी आणि डी विंग. मी ए विंगमध्ये राहतो, हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे ते माझ्याविरुद्ध वापरलं गेलं. काका निवृत्तीपर्यंत सरकारी खात्यात टिपणं लिहीत असत. त्यांच्या मते तक्ता ही आळशी माणसाची सोय. त्यामुळे मेसेजमध्ये होती फक्त वाक्यं.

"शनिवारी प्रातःकाली साडेसात वाजता ए विंग बी विंगशी दोन हात करेल. तो सामना आटोपताच सी विंग डी विंगच्या समोर उभी ठाकेल. अल्पोपाहारानंतर बी विंग सी विंगला आव्हान देईल..." असं करत करत रविवारच्या "सी विंग बी विंगचा समाचार घेईल" इथपर्यंत. "एवढं जरा टेबलात बसव," खाली सूचना.

मी रकाने आखले: सामना क्रमांक, वार, वेळ, संघ, संघ. 'आटोपताच' हा शब्द वेळेच्या रकान्यात बसेना. सहा ओव्हरच्या दोन इनिंग आणि मधली भांडणं मिळून पाऊण तास धरला आणि 'आटोपताच'चं सव्वाआठ केलं. 'अल्पोपाहार' किती वेळाचा, हे विचारायला फोन केला. "पोहे संपेपर्यंत," काका म्हणाले. मी साडेनऊ लिहिलं.

चार संघ एकमेकांशी एकेकदा खेळले की सहा सामने होतात. काकांच्या मेसेजमध्ये आमच्या गटाचे बरोब्बर सहा होते. मी झोपायला जाणार होतो, पण उगाच हौस म्हणून चौकट काढली. डावीकडे चार विंगा, वर त्याच चार विंगा, आणि जो सामना वाचला त्याच्या घरात फुली. पाढ्यांच्या तक्त्यासारखं. कर्णातली घरं काळी, कारण बी विंगने बी विंगशी खेळायचं नसतं (ते त्यांचं पार्किंगमध्ये वर्षभर चालूच असतं). फुल्या मारून झाल्या तर बी आणि सीच्या घरात दोन फुल्या, आणि ए आणि डीचं घर रिकामं. शनिवारचं 'आव्हान' आणि रविवारचा 'समाचार' हा एकच सामना होता! क्रियापदं वेगळी असल्यामुळे काकांनाही तो दोनदा लिहिल्याचा पत्ता लागला नव्हता. नुसती बेरीज करून हे कधीच सापडलं नसतं. सहा ते सहाच.

"काका, ए विरुद्ध डी राहिलाय."

"सहा आहेत ना?"

"सहा आहेत, पण बी-सी दोनदा आहे."

"मग सहा आहेत ना?"

शेवटी मी रविवारचा 'समाचार' खोडून तिथे ए-डी घातला. पुढे डी विंगवाले म्हणाले की हा सामना मीच घुसवला. तोच सामना ते जिंकले, हे मात्र कुणी म्हणालं नाही.

सामने झाले आणि निकालही वाक्यांत आले. "बी विंगला ए विंगकडून निसटती हार पत्करावी लागली" हे वाचताना मी दोनदा घसरलो, कारण पहिलं नाव दिसलं की बोट आपोआप 'जिंकले'च्या रकान्याकडे जातं. निकालाचा सारांश असा : सीने तिघांनाही हरवलं. एने बीला, बीने डीला आणि डीने एला हरवलं. तिघांचेही दोन-दोन गुण. आपसात कोण जिंकलं ते पाहावं तर नुसतं गोल गोल फिरणं. सेमीला गटातले दोघे जाणार, म्हणजे दुसरा कोण हे नेट रन रेटवरच ठरणार.

हिशोब सोपा असतो. सगळ्या सामन्यांत मिळून काढलेल्या रनांना खेळलेल्या ओव्हरनी भागायचं, आणि त्यातून दिलेले रन भागिले टाकलेल्या ओव्हर वजा करायचे. मी भागलं. डीचे १३२ रन होते. सीविरुद्ध ते चार ओव्हरमध्ये ४१वर ऑल आऊट झाले होते, म्हणून मी चार धरले. डी अधिक ०.६२७, दुसरे! तक्ता लिफ्टजवळ लावला. डी विंगमध्ये पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला.

संध्याकाळी पाचवीतला एक मुलगा तक्त्यापुढे उभा होता. "काका, ऑल आऊट झालं की पूर्ण ओव्हर धरतात. आयपीएलमध्येपण." खरंच होतं. नाहीतर जो संघ पटकन बाद होईल त्याचाच रेट वाढेल. मी चाराचे सहा केले. डी एकदम उणे ०.३७०वर आले, पण ए उणे ०.४०५ आणि बी उणे ०.४४८. म्हणजे डी अजून दुसरेच. पेढा पचला.

रात्री एकदा सगळं ताडून पाहिलं. गटातले काढलेले रन ५७४, दिलेले रन ५७४. विजय सहा, पराभव सहा. सगळं जुळत होतं. मग नजर गेली डीने एला हरवलेल्या सामन्यावर. काकांनी लिहिलं होतं, "५.३ षटकांत." पाच ओव्हर तीन बॉल. म्हणजे साडेपाच! आणि एक्सेल बिचारं त्याला पाच पूर्णांक तीन दशांश समजून भागत होतं. त्याला काय माहीत, या टिंबापुढे पाचानंतर आकडाच नसतो. तसंच सीने एला आणि बीला हरवलं तिथलं ५.४. तिथेही चौतीस बॉल झाले होते. रनांची बेरीज जुळली म्हणून मी निश्चिंत होतो, आणि चूक ओव्हरच्या रकान्यात पाय पसरून बसली होती.

मी ओव्हरचा रकानाच उडवला आणि बॉल लिहिले. ए विंगने १४५ रन दिले ते १०३ बॉलमध्ये, डीने १३२ काढले ते १०५ बॉलमध्ये. रनांना सहाने गुणून बॉलनी भागलं. आणि हे आलं :

| संघ | खेळले | जिंकले | हरले | गुण | नेट रन रेट |
|---|---|---|---|---|---|
| सी | ३ | ३ | ० | ६ | +०.९२९ |
| ए | ३ | १ | २ | २ | −०.१६९ |
| बी | ३ | १ | २ | २ | −०.३२१ |
| डी | ३ | १ | २ | २ | −०.४५७ |

डी दुसऱ्यावरून थेट चौथे. दुसरे कोण, तर ए. ए विंग, तिसरा मजला, म्हणजे मी.

रात्री साडेअकराला एकट्याने हिशोब बदलून स्वतःच्या विंगला सेमीत घालणारा माणूस कसा दिसतो, ते मला सकाळी लिफ्टमध्ये कळलं. डीच्या कॅप्टनला मी बोटांवर समजावलं. "साडेपाच म्हणजे पाच-तीन, पाच-तीन म्हणजे साडेपाच." तो म्हणाला, "पेढे परत द्या." बायको म्हणाली, "गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं?" काकांनी तक्ता चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "वाक्यात होतं तेव्हा कुणाची तक्रार नव्हती."

सेमीला आमचे लोक उतरले तेव्हा डी विंग सहकुटुंब खुर्च्या घेऊन आली होती. आम्ही ३.२ ओव्हरमध्ये ऑल आऊट झालो. शेवटची विकेट पडली तशी मागून एक आवाज आला, "पूर्ण सहा धरा हो, पूर्ण सहा!"